रात्री मेन गेट बंद असेल तर कॅज्युअल्टीचं गेट गाडीतून कसं शोधायचं?

मागचा_दिवा (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या महिन्यातली गोष्ट आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण चूक नेमकी कुठे झाली ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री दोन वाजता बाबांनी (वय ७१) हाक मारली. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतंय म्हणाले, अंगाला दरदरून घाम. आम्ही कोथरूडला राहतो. पंधरा मिनिटांवर एक मोठं रुग्णालय आहे, नाव लिहीत नाही. बाबांची फाइल तिथलीच, दर तीन महिन्यांनी ओपीडीला मीच नेतो. रस्ता तोंडपाठ आहे अशी माझी समजूत होती.

२:२६ ला मेन गेटसमोर उभा. गेटला साखळी-कुलूप, वॉचमनच्या केबिनमध्ये अंधार. दिवसा तिथे इतकी वर्दळ असते की या गेटला दारं आहेत हेच कधी लक्षात आलं नव्हतं. हॉर्न वाजवला, कुणी आलं नाही. कमानीच्या खांबावर बाणाची पाटी आहे, हे मला नंतर दिवसा दिसलं. त्या रात्री तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता.

बायकोने मॅपवर रुग्णालयाचं नाव टाकलं. त्याने डावीकडे, परत डावीकडे असं करत एका बोळात नेलं आणि 'पोहोचलात' म्हणून गप्प बसला. समोर उंच भिंत आणि तिच्यामागे ऑक्सिजनची टाकी. वरच्या मजल्यावर वॉर्डाचे दिवे दिसत होते, म्हणजे अंतर असेल पन्नास पावलं, पण जायला वाट नाही. बोळातून रिव्हर्स घेताना आरसा भिंतीला घासला. बाहेर एक रिक्षावाला सिगारेट ओढत उभा होता, तो म्हणाला, "कॅज्युअल्टी ना? मागच्या रस्त्याला, मेडिकलच्या शेजारी." त्या रस्त्याला मधे डिव्हायडर, आणि आम्ही नेमके पलीकडच्या बाजूने पोहोचलो. मग पुढे जाऊन यू-टर्न.

बाबा स्ट्रेचरवर गेले तेव्हा २:३९ झाले होते. तेरा मिनिटं मी त्यांना गाडीत बसवून त्या भिंतीभोवती फिरवत होतो. पहाटे अँजिओप्लास्टी झाली, आता घरी आहेत, माझ्यावर ओरडण्याइतके बरे आहेत.

मला विचारायचं एवढंच आहे की अशा वेळी गेट शोधायची काही रीत आहे का? की हे सगळं नशिबावरच?

---

कांदेपोहे_वाढा

बाबा सुखरूप आहेत हे आधी वाचलं आणि मग बाकीचं वाचलं. 🙏

उपाय सोपा आहे. नुसतं रुग्णालयाचं नाव टाकायचं नाही, नावापुढे Emergency टाकायचं. मोठ्या रुग्णालयांची त्या नावाची वेगळी नोंद असते, ती थेट दारात नेते. आम्ही नेहमी तसंच करतो.

---

मागचा_दिवा

नंतर तेही करून पाहिलं. आमच्याकडे अशा दोन नोंदी निघाल्या. एकीची पिन इमारतीच्या मधोमध, म्हणजे परत तोच बोळ. दुसरी कुणीतरी केव्हातरी टाकलेली, तिथे आता डायलिसिस सेंटर आहे. नेहमी म्हणजे तुम्ही किती वेळा गेलात?

---

कांदेपोहे_वाढा

एकदाच. पण तेव्हा बरोबर गेलो होतो. 😅

---

डबल_क्लच

मी सोळा वर्षं ॲम्ब्युलन्स चालवतोय, आधी साताऱ्याला, आता पुण्यात. दादा, तुमचं कुठं चुकलं ते सांगतो.

मॅपला हॉस्पिटलचं गेट माहीत नसतं. त्याला एक पिन माहीत असते, आणि पिन बहुतेक इमारतीच्या डोक्यावर टोचलेली असते. आवारातले रस्ते बऱ्याच ठिकाणी नकाशात काढलेले नसतात. मग मॅप काय करतो, तर पिनच्या सगळ्यात जवळ जो रस्ता सापडेल तिथवर नेतो आणि सोडून देतो. मधे भिंत आहे का, त्याच्या हिशेबात नाही. तुमचा बोळ इमारतीला मेन रोडपेक्षा जवळ असणार. बरोबर ना? म्हणजे मॅप बिघडला नव्हता, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

म्हणून आम्ही हॉस्पिटलची पिन ठेवतच नाही, गेटची ठेवतो. गेटच्या तोंडासमोर रस्त्यावर बोट दाबून धरायचं, लाल पिन पडते, ती Save करून नाव द्यायचं. पिन आत कॅज्युअल्टीच्या दारावर टाकू नका, परत तोच घोळ होईल. रस्त्यावरच टाकायची, आणि डिव्हायडर असेल तर गेटच्या बाजूच्या अर्ध्यात. पलीकडच्या अर्ध्यात पडली तर मॅप तुम्हाला समोर आणून उभं करणार आणि गेट दिसत असून जाता येणार नाही. तुमचं दुसरं तेच झालं.

आता पिन नसेल, अनोळखी गाव असेल तर काय. मेन गेट बंद दिसलं की तिथं थांबून हॉर्न मारत बसू नका. कंपाउंडची भिंत डाव्या हाताला ठेवायची आणि चालायला लागायचं. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे प्रत्येक गेट आपल्याच बाजूला लागतं, कुणाला आडवं जावं लागत नाही, वळायचं तेही डावीकडेच. भिंत उजवीला ठेवून फिरलात तर गेट समोर दिसतं पण मधे डिव्हायडर. वन-वे आडवा आला तर मात्र हे चालत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि फिरताना पाटी शोधू नका, माणसं शोधा. रात्री तीनला जिथं मेडिकल उघडं आहे, चहाची टपरी चालू आहे, रिक्षा लागल्यात आणि फुटपाथवर चादर टाकून नातेवाईक झोपलेत, तिथंच कॅज्युअल्टीचं गेट असतं. ऑक्सिजनची टाकी, जनरेटर, धुण्याच्या गाड्या दिसल्या तर समजायचं आपण मागच्या अंगाला आलो. तिथलं गेट उघडं असलं तरी आत घालू नका, आत वळायला जागा नसते.

---

निवांत_निवृत्त

या निमित्ताने एक विचारतो. रात्री ॲडमिट केलं तर कॅशलेसची मंजुरी सकाळपर्यंत थांबते का? आमच्या वेळी डिपॉझिट भरायला लावलं होतं. गेट उघडं असून उपयोग काय, काउंटर बंद असेल तर?

---

कांदेपोहे_वाढा

काका, धागा गेटचा आहे. 🙂 त्यासाठी वेगळा काढा, मलाही विचारायचंच आहे.

---

कलम_आणि_कॉफी

सगळे जण नागरिकाने काय करावं हेच सांगताहेत. मुळात रुग्णालयाला रात्री गेट बंद ठेवताच येत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. धागाकर्त्याने तक्रार करायलाच हवी.

---

डबल_क्लच

वकील साहेब, आठपैकी सात गेटं बंद करणारच ते. रात्रपाळीला वॉचमन किती असतात?

---

शेवंतीचा_गजरा

कलम_आणि_कॉफी, तो निकाल आमच्या कॅज्युअल्टीत फ्रेम करून लावलाय, त्यामुळे पाठ आहे. अपघाताचा रुग्ण आला तर पोलिसांची वाट न बघता आधी उपचार करा, असं त्यात म्हटलंय. गेटांबद्दल त्यात काही नाही. एक गेट चालू आणि बाकी बंद, याला तो आडवा येत नाही. फ्लेक्सने झाकलेल्या पाटीची तक्रार मात्र जरूर करा, ती आमच्यासारख्यांनी केली तर कुणी ऐकत नाही.

मी स्टाफ नर्स आहे, पुण्यातलं नव्हे, दुसऱ्या शहरातलं मोठं रुग्णालय. गेटच्या अलीकडचं डबल_क्लच दादांनी सांगितलं, पलीकडचं मी सांगते.

निघताना गाडीतल्या दुसऱ्या माणसाने फोन लावायचा, चालवणाऱ्याने नाही. बोर्डावर फोन लागला की रुग्णाची कहाणी सांगत बसू नका, "कॅज्युअल्टीला जोडा" म्हणा. आमच्यापैकी कुणी उचललं की विचारा, "गाडीने येतोय, अमुक रस्त्याने. आत्ता कुठलं गेट उघडं आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे?" शेजारी काय आहे हे विचारायचंच. कारण आम्ही सवयीने "गेट नंबर तीन" सांगतो, आणि तो नंबर फक्त आतल्या बाजूला लिहिलेला असतो. 🙈 छातीत दुखतंय, वय इतकं, एवढं एका वाक्यात सांगितलंत तर मामा व्हीलचेअर घेऊन दारात येऊन थांबतात.

पोर्चमध्ये गाडी आली की घाईने रुग्णाला ओढून काढू नका, चालवत तर मुळीच आणू नका. छातीत दुखणारा माणूस दहा पायऱ्या चढून आला की आम्हाला धडकी भरते. "स्ट्रेचर" एवढंच ओरडा. दारातली सिस्टर विचारेल तेव्हा नाव-पत्त्याच्या आधी काय होतंय आणि किती वाजल्यापासून, ते सांगा. छातीच्या दुखण्याला दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे असा नियम आहे, आणि ते घड्याळ तुम्ही दारात आल्यावर सुरू होतं. भिंतीभोवतीची तुमची तेरा मिनिटं आमच्या कागदावर येतच नाहीत हो.

---

मागचा_दिवा

सिस्टर, शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. बाबांना मी पोर्चपासून दारापर्यंत चालवतच नेत होतो, एका मामांनी पळत येऊन थांबवलं.

---

परळचा_पाहुणा

आमच्या मुंबईत प्रश्न गेटाच्याही आधी सुरू होतो. परळला केईएम, टाटा आणि वाडिया अगदी एकमेकांच्या शेजारी. बाहेरगावाहून गाडी घेऊन येणारा माणूस "परळचं मोठं हॉस्पिटल" एवढंच डोक्यात ठेवून येतो, आणि रात्री सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. माझे मेहुणे कोकणातून भाच्याला घेऊन आले, मूल सात वर्षांचं, ताप डोक्यात गेलेला. त्यांना जायचं होतं वाडियाला. ते केईएमच्या आवारात शिरले, तिथे कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांचं नशीब की शेजारीच होतं. तेव्हापासून आमच्याकडे गावाहून कुणी निघालं की मी रुग्णालयाचं नाव पाठवत नाही, गेटचा फोटो आणि पिन पाठवतो. फोटो रात्रीचा. दिवसाच्या फोटोत जे झाड ओळखू येतं ते रात्री काळा ठिपका असतं.

अवांतर: मुलांचं आणि बाळंतपणाचं दार बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं ना? कुणाला माहीत आहे का?

---

शेवंतीचा_गजरा

असतं. आमच्याकडे कळा सुरू झालेली बाई कॅज्युअल्टीला आली तरी आम्ही तिला लेबर रूमलाच पाठवतो, ती इमारत पलीकडे आहे. काही ठिकाणी रात्री सगळ्यांनी कॅज्युअल्टीतूनच आत यायचं असतं. नाव घातलं असेल तिथे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा, सगळीकडे एकच नियम नाही.

---

बुलेट_बाळू

एवढा अभ्यास कशाला? चारी इंडिकेटर लावायचे, हेडलाइट फुल, हॉर्नवर हात. लोक आपोआप बाजूला होतात. मी आजीला असंच नेलंय, स्वारगेटपासून नऊ मिनिटांत.

---

डबल_क्लच

भाऊ, चारी इंडिकेटर लावले की वळायचा इंडिकेटर मागच्याला कळत नाही. आणि हॉस्पिटलच्या गेटाशी तुम्ही अचानक डावीकडे वळणार. मागचा ट्रकवाला तुम्हाला बंद पडलेली गाडी समजून डावीकडूनच काढतो. असे दोन अपघात मी स्वतः उचललेत. चारी दिवे लावायचे असतील तर थांबल्यावर लावा.

आणि सायरन वाजवणाऱ्या गाडीला जो हक्क आहे तो तुमच्या गाडीला नाही. सिग्नल तोडलात आणि कुणी आडवं आलं तर पेशंट दोन.

---

बुलेट_बाळू

दादा, नऊ मिनिटांत पोहोचलो हे खरं आहे की नाही?

---

डबल_क्लच

खरं आहे. रात्री रस्ता मोकळा होता म्हणून.

---

निवांत_निवृत्त

मला एक कळत नाही. एवढं सगळं करण्यापेक्षा १०८ ला फोन का नाही करायचा? ड्रायव्हरला गेट माहीतच असणार.

---

डबल_क्लच

काका, हे बरोबर बोललात. २०१४ ला महाराष्ट्रात १०८ चालू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. आत डॉक्टर असतो. बेशुद्ध माणूस, दम लागून बोलता येत नाही असा माणूस, किंवा घरात उचलायला दुसरं कुणी नाही, तर १०८ च. पण शुद्धीवरचा माणूस, दहा मिनिटांचा रस्ता आणि गाडी दारात असेल तर मी माझ्या आईला माझ्या गाडीतून नेईन. मागं एक माणूस बसवून.

---

शेवंतीचा_गजरा

इथे माझं दादांशी जमत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाचं हृदय वाटेत थांबलं तर मागे बसलेला मुलगा काय करणार? गाडीत शॉक द्यायची सोय नाही. मी तरी आधी १०८ लाच फोन करीन, गाडी किती लांब आहे ते विचारीन आणि मग ठरवीन.

---

डबल_क्लच

सिस्टर, तुमचंही खरंय. पहाटे चारला आमची गाडी लांब दुसऱ्या कॉलवर असली की घरचे लोक आमची वाट बघत बसतात, ते मी पाहिलंय, एवढंच.

---

कलम_आणि_कॉफी

निकाल परत वाचला. शेवंतीचा_गजरा बरोबर आहेत, गेटांबद्दल काही नाही. फ्लेक्सची तक्रार मी लिहून देतो, धागाकर्त्याने निरोप करावा.

---

मागचा_दिवा

काल रात्री जाऊन आलो. जेवण झाल्यावर बायको आणि मी, बाबा घरी. मुद्दाम अकरानंतर गेलो, कारण मेन गेट साडेदहाला बंद होतं असं वॉचमनने फोनवर सांगितलं होतं.

मेन गेटसमोरून सुरुवात केली, भिंत डावीला ठेवली, मॅप बंद. पहिलं डावं वळण, तो बोळ लागला. इथेच मी त्या रात्री आत शिरलो होतो. आत न शिरता सरळ पुढे गेलो. पुढच्या वळणाला डावीकडे घेतलं आणि दुकानाचा हिरवा क्रॉस दिसला, मग टपरी, मग तीन रिक्षा. गेट उघडं. मेन गेटपासून घड्याळ लावून चार मिनिटं, तेही हळू चालवून. डिव्हायडर उजव्या हाताला, आपण आपोआप गेटच्या बाजूला. पाटी आहे, लाल, दिवा लावलेली, 'अपघात विभाग'. मी त्या रात्री 'इमर्जन्सी' शब्द शोधत होतो. अपघात झाला नव्हता म्हणून ती पाटी आपली नाही, असं कदाचित मला वाटलं असेल. आता नक्की आठवत नाही.

वॉचमन काकांशी बोललो. पोर्चमध्ये गाडी दोन मिनिटं थांबू देतात, मग हलवावी लागते, कारण मागून ॲम्ब्युलन्स येते. चालवणारा गाडी लावायला गेला की रुग्णाजवळ दुसरं माणूस हवं. एकटाच असेल तर किल्ली केबिनमध्ये द्यायची, ते स्वतः बाजूला घेतात. "पण गाडी गिअरची असली तरच, ऑटोमॅटिक मला येत नाही," म्हणाले. आमची ऑटोमॅटिक आहे.

पोर्चमध्ये दार गाडीच्या उजव्या अंगाला येतं हेही पाहिलं. बाबा पुढे डाव्या सीटवर बसतात, म्हणजे व्हीलचेअर गाडीला वळसा घालून आणावी लागते. मामा म्हणाले, काही हरकत नाही, आम्हाला सवय आहे.

पिन गेटच्या तोंडाशी टाकली, 'बाबा रात्र' असं नाव दिलं, आणि भाऊ सिंहगड रोडला राहतो त्यालाही पाठवली. त्याने घरून रस्ता काढून बघितला तर मॅप त्याला डिव्हायडरच्या पलीकडच्या अंगाने आणतोय, यू-टर्न धरून. पिन बरोबर अर्ध्यात आहे, तरी. डबल_क्लच दादा, याला काय करायचं?

---

डबल_क्लच

तिकडून येणाऱ्याला यू-टर्न चुकत नसेल मग. तो कुठं आहे आणि रात्री बॅरिकेड लावून बंद करतात का, ते भावाला एकदा बघून यायला सांगा. बंद करत असतील तर त्याच्यासाठी वेगळी पिन, मेन गेटाची, आणि तिथून भिंत डावीला.

---

परळचा_पाहुणा

आणि विसर्जनाच्या रात्री? पुण्यात अर्धे रस्ते बंद असतात ना?

---

डबल_क्लच

त्या रात्री १०८ लाच फोन करा. यावर तरी सिस्टरचं माझ्याशी जमेल.

---

शेवंतीचा_गजरा

जमलं. 🙂